नको ते कातरावे की पुसावे?

'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेत 2010 साली युक्रेनी छायाचित्रकार स्टेपान रुडिक यांचे पारितोषिक रद्द झाले. मूळ छायाचित्राचा बराचसा भाग कातरून त्यांनी पट्टी बांधला जाणारा एक हात ठळक केला होता. परीक्षकांचा आक्षेप मात्र त्या कातरणीला नव्हता. बोटांमागून डोकावणारा पावलाचा इवलासा तुकडा संगणकावर पुसला गेला होता, तो त्यांना नडला. कातरलेले चित्र अपुरे असते, पण त्यात उरते ते खरे असते. पुसलेल्या जागी मात्र काहीतरी रचून भरावे लागते.

स्पर्धेबाहेरही हा भेद उपयोगी पडतो. समजा, बुलढाणा जिल्ह्यातील धाड येथे पोळ्याच्या दिवशी सजवलेल्या बैलजोडीचे छायाचित्र घेतले. बैल डावीकडे निघाले आहेत. उजव्या कडेला मोटारसायकलचे हँडल घुसले आहे आणि शिंगांमागून विजेची तार गेली आहे.

हँडल पुसण्याचा मोह होतो. पण ते झुलीच्या नक्षीवर आले आहे, त्याची सावलीही जमिनीवर पडली आहे. हँडल काढून सावली राहिली तर चोरी उघडी पडते; शेजारची नक्षी उचलून तेथे बसवली तर तोच टाका दोनदा दिसतो. त्यापेक्षा उजवी कडा कातरणे सोपे. बैल डावीकडे पाहत असल्याने त्यांच्या पुढची मोकळी जागा तशीच राहते. ते उजवीकडे निघाले असते, तर याच कातरणीने त्यांची वाट अडल्यासारखी वाटली असती.

पण कातरण्यालाही किंमत आहेच. छायाचित्र 6000 बाय 4000 पिक्सेलचे असेल आणि उजवीकडून 720 पिक्सेल काढले, तर आकाराचे प्रमाण राखण्यासाठी खालची 480 पिक्सेलची धूळही जाते. उरते 5280 बाय 3520. 12 बाय 8 इंचांच्या उत्तम छपाईला 3600 बाय 2400 पुरतात, म्हणजे चिंता नाही. मात्र खुरे कापली जात नाहीत ना, हे पाहावे.

तारेचे गणित उलटे आहे. ती कातरायची तर शिंगेही जातील. येथे घरच्या अल्बमसाठी पुसणेच योग्य, कारण मागे एकरंगी आकाश आहे. तार शिंगाला भिडते तेवढीच जागा अवघड. ती शंभर टक्के आकारात पाहून हळूहळू साफ करावी. कडा पुसट झाली की काम बिघडले म्हणून समजावे. वृत्तपत्रासाठी असेल, तर तार जशीच्या तशी ठेवावी.

क्रम मात्र ठरलेला: आधी कातरावे, मग पुसावे. कडेबरोबर गेलेल्या भागावर तासभर घालवण्यात अर्थ नसतो. अर्थात, घेतानाच दोन पावले डावीकडे सरकले असते, तर हँडल चौकटीबाहेर गेले असते.