रक्त मागताना ‘नाही’ म्हणायला वाट ठेवा

घरचे माणूस दवाखान्यात आहे, डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्ताची सोय करायला सांगितली आहे, अशा वेळी आपण आधी वस्तीतच धावतो. विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यामुळे ही धावपळ अनेक घरांना पाठ झाली आहे. या वेळी आम्ही रक्त मागायचे कसे, एवढ्याचबद्दल लिहीत आहोत. ज्याच्याकडे रक्त मागतो, त्याला संकोच न वाटता ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. त्यात त्याचा मान तर आहेच, पण आपल्या रुग्णाची सुरक्षितताही आहे.

ती कशी, ते पाहू. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. पण लागण नुकतीच झाली असेल, तर सुरुवातीचे काही दिवस किंवा आठवडे ती तपासणीत सापडत नाही. म्हणून सुई टोचण्याआधी दात्याकडून एक फॉर्म भरून घेतात आणि त्याला प्रश्न विचारतात. कावीळ झाली होती का, हल्ली गोंदवून घेतले का, कोणती औषधे चालू आहेत, असे ते प्रश्न असतात. राजीखुशीने आलेला माणूस खरे सांगतो. शब्दाला अडकून आलेला माणूस मात्र गप्प बसतो, कारण खरे सांगितले तर रक्त नाकारतील आणि बाहेर उभे असलेले नातेवाईक कारण विचारतील. दबाव टाकून आणलेली पिशवी अशी धोक्याची ठरू शकते.

दुसरी बाजू दात्याच्या तब्येतीची. रक्त द्यायला वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागते. पुरुषाने दोन रक्तदानांत तीन महिने आणि स्त्रीने चार महिने अंतर ठेवायचे असते. आपल्या कितीतरी बायाबापड्यांचे हिमोग्लोबिन या आकड्याच्या खाली असते. कोणाची क्षयाची गोळी चालू असते, कोणी आदल्या रात्री दारू प्यायलेला असतो, कोणाला एचआयव्ही असतो आणि घरातही ते ठाऊक नसते. ही कारणे चारचौघांत सांगण्यासारखी नसतात. म्हणून ‘का नाही?’ हा प्रश्नच विचारू नये.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नागपुरातल्या एका वस्तीतली अकरा वर्षांची मुलगी सिकलसेलची रुग्ण आहे. तिचे हिमोग्लोबिन एकदम खाली आले आहे. रक्तपेढीने साठ्यातून रक्त दिले आहे आणि बदली म्हणून दोन दाते आणायला सांगितले आहे. मुलीचा बाप विहारात वंदना संपल्यावर उभा राहतो आणि शेजारच्या तरुणाकडे हात करून सगळ्यांसमोर म्हणतो, “तू तर धडधाकट आहेस, तू देशीलच.” त्या पोराने काय करावे? सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आहेत. तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद ठेवतो. बाप दवाखान्याच्या दारात वाट पाहत बसतो. त्याला स्पष्ट ‘नाही’ मिळाले असते, तर तेवढ्या वेळात दुसरा दाता सापडला असता.

याच बापाने घरी बसून सात-आठ जणांना वेगवेगळा निरोप धाडला असता, तर तो असा लिहिता आला असता:

“जयभीम दादा. मुलीला रक्त लागले आहे. बदली म्हणून दोन दाते हवे आहेत, कोणताही रक्तगट चालतो. उद्या सकाळी दहा ते एक या वेळेत मेडिकलच्या रक्तपेढीत यावे लागेल, तासभर जाईल. मी आठ जणांना विचारले आहे. जमत असेल तर आज रात्री आठपर्यंत ‘हो’ कळवा. जमत नसेल तर नुसते ‘नाही’ लिहा, कारण सांगायची गरज नाही. उत्तर आले नाही तर जमत नाही असे समजेन, पुन्हा फोन करणार नाही.”

या निरोपात किती दाते, कुठे, केव्हा आणि किती वेळ, हे सगळे आले आहे. त्यामुळे वाचणाऱ्याला ठरवता येते. आठ जणांना विचारले आहे हे कळल्यावर एका माणसावर भार राहत नाही. बदली दात्याचा गट रुग्णाशी जुळावा लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते, म्हणून तेही लिहावे. वेळ ठरवून दिल्याने आणखी एक अडचण सुटते. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणायची सवय नाही. आपण ‘बघतो’, ‘सांगतो उद्या’ असे म्हणतो. असे उत्तर आले तर ते ‘नाही’ समजावे आणि पुढच्याला विचारावे. पाठपुरावा करून ‘बघतो’चे ‘हो’ करायला जाऊ नये.

विचारणारा कोण आहे, यालाही महत्त्व आहे. मुकादमाने मजुराला, उसने पैसे देणाऱ्याने घेणाऱ्याला किंवा सासऱ्याने सुनेला विचारले, तर शब्द कितीही गोड असले तरी नकाराची वाट बंदच असते. अशा वेळी निरोप त्याच्या बरोबरीच्या माणसाकडून जावा. ‘आम्ही तुमच्या वेळी धावलो होतो’ ही आठवणही त्या दिवशी काढू नये.

सख्ख्या नातेवाइकांच्या बाबतीत तर जास्तच जपावे. सिकलसेलच्या रुग्णाला शक्यतो वाहक नसलेल्या दात्याचे रक्त देतात. मुलीचे आईबाप बहुधा दोघेही वाहक असतात, आणि काका, मामा, आत्याही असू शकतात. लग्न ठरायचे असलेल्या आत्याला सगळ्यांसमोर आग्रह केला, तर तिच्या नकारातून नको ती चर्चा सुरू होते.

‘हो’ म्हणून आलेल्यालाही शेवटपर्यंत माघार घेता यावी. प्रश्न विचारतात त्या खोलीत त्याच्याबरोबर जाऊ नका. तिथे तो एकटाच असू द्या. तो बाहेर येऊन ‘आज घेतले नाही’ म्हणाला, तर ‘बरं, आलात हेच पुष्कळ’ म्हणून चहा पाजा आणि विषय तिथेच थांबवा.

सगळ्यांनीच नाही म्हटले तर? रुग्ण अत्यवस्थ असेल तर दाते शोधत बसू नका. डॉक्टरांना आणि रक्तपेढीला आधी साठ्यातून रक्त द्यायला सांगा. बदली दात्यांची पद्धत हळूहळू बंद करायची, हे राष्ट्रीय रक्त धोरणात २००२ सालीच ठरले आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत द्यायचे, असेही धोरण आहे. मुलीचे सिकलसेलचे कार्ड बरोबर ठेवा आणि अडवणूक झाली तर रक्तपेढीच्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. तिथेही काही झाले नाही तर दवाखान्याच्या अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या.

ज्याने ‘नाही’ कळवले, तो दुसऱ्या दिवशी नळावर भेटेल. त्याच्याशी नेहमीसारखेच बोला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त लागेल तेव्हा कदाचित त्याची अडचण मिटलेली असेल, आणि तोच आपण होऊन विचारेल.