भावातला नफा वगळल्यावर

इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्यासाठी एक काल्पनिक भाव घेऊ: यजमान 1.50, बरोबरी 4.00, पाहुणे 8.00. एकाला प्रत्येक भावाने भागले की 66.7, 25 आणि 12.5 टक्के मिळतात. बेरीज 104.2 होते. वरचे 4.2 टक्के म्हणजे बुकमेकरचा नफा.

प्रमाण पद्धतीत प्रत्येक आकड्याला या बेरजेने भागतात: 64, 24, 12.

पण कमी शक्यतेच्या निकालाचा भाव बहुधा वाजवीपेक्षा कमी ठेवलेला असतो. म्हणून घातांक पद्धतीत प्रत्येक शक्यता दशांशात लिहून तिला एकच घातांक देतात आणि बेरीज 1 होईपर्यंत तो वाढवतात. इथे तो सुमारे 1.049 येतो. यजमान 65.4 टक्क्यांवर चढतात, पाहुणे 11.3 वर उतरतात.

कोणती पद्धत खरी, हे एका सामन्यावरून ठरत नाही. शेकडो निकालांशी अंदाज ताडूनच ते कळते.