ब्रेक पॅडचा दिवा लागला, तर पॅड किती उरले?

शहापूर-मुरबाड भागात गाडीवर पोट असलेले आपले बांधव पुष्कळ आहेत. कोणी भाजीचा टेम्पो चालवतो, कोणी लग्नसराईत गाडी भाड्याने देतो, कोणी मुंबई-कल्याणहून जुनी गाडी आणून येथे विकतो. एका बाजूला कसारा घाट, दुसऱ्या बाजूला माळशेज. त्यामुळे ब्रेकशी येथे सर्वांचाच संबंध येतो. अलीकडे गॅरेजवर एक प्रश्न वरचेवर कानी पडतो. एक तरुण भाडेवाला परवा आला तो हाच प्रश्न घेऊन.

"चाचा, नाशिकहून उतरताना पिवळा दिवा लागला. ब्रेक दाबला की लागायचा, सोडला की विझायचा. आता लागलेलाच आहे. ऑइल कमी दिसलं म्हणून भरलं, तरी जात नाही."

"ऑइल भरलंस तीच चूक केलीस, बेटा. आधी चाक काढू."

त्याच्या डॅशबोर्डवरचे चिन्ह असे होते: मध्ये गोल आणि दोन्ही बाजूंना तुटक रेघांचे कंस. हे पॅड झिजल्याचे चिन्ह. गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा निराळा. तो हँडब्रेक ओढलेला असल्याचे किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचे सांगतो. पिवळ्याला आठवडाभराची सवड मिळू शकते. हँडब्रेक सोडूनही लाल दिवा जात नसेल, तर गाडी तेथेच उभी करावी.

आता हा पिवळा दिवा लागतो कसा? पॅड म्हणजे लोखंडी पाटी आणि तिच्यावर बसवलेला, डिस्कवर घासणारा थर. नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मि.मी. असतो. सेन्सर म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या टोकात बसवलेली तार. ते टोक पॅडच्या खाचेत असे बसवतात की थर झिजत झिजत ठरावीक जाडीवर आला की फिरती डिस्क त्या टोकालाच घासू लागते. थर किती जाड उरला हे तो मोजत नाही. तो फक्त एक खूण ओलांडली गेल्याचे सांगतो.

त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एकच तार असते. प्लॅस्टिक झिजून तार उघडी पडली की ती डिस्कला टेकते, डिस्कमधून अर्थिंग मिळते आणि दिवा लागतो. सुरुवातीला पॅड जोराने दाबला गेला तरच ती टेकते. वरच्या तरुणाचा दिवा घाटात लागत-विझत होता तो यामुळे. दुसऱ्या प्रकारात तारेचा फेरा असतो, म्हणजे जाणारी आणि येणारी अशा दोन तारा. त्यातून थोडा करंट सतत वाहतो. डिस्कने फेरा कापला की करंट तुटतो आणि दिवा लागतो. हा दिवा लागला की लागलेलाच राहतो, आणि कापलेला सेन्सर जोडून चालत नाही, नवाच घालावा लागतो. काही महागड्या गाड्यांत दोन टप्प्यांचा सेन्सर असतो. तो पहिल्या टप्प्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि किती कि.मी. उरले याचा अंदाज पडद्यावर दिसतो.

मुख्य प्रश्न उरण्याचा. बहुतेक गाड्यांत दिवा लागतो तेव्हा घासणारा थर २ ते ३ मि.मी. उरलेला असतो. बहुतेक कंपन्या २ मि.मी.च्या आसपास पॅड बदलायला सांगतात. मोजताना लोखंडी पाटी धरायची नाही. पाटीच ५-६ मि.मी. जाड असते, आणि अनेक जण तिच्यासकट मोजून "अजून ८ मि.मी. आहे" म्हणून निश्चिंत होतात.

त्या तरुणाची गाडी उघडली तेव्हा हिशेब असा निघाला. नवे पॅड १२ मि.मी.चे, घालून ३६ हजार कि.मी. झालेले. डाव्या पुढच्या चाकात आतल्या पॅडला सेन्सर होता आणि तेथे थर ३ मि.मी. भरला. म्हणजे ९ मि.मी. झिजायला ३६ हजार लागले, एका मि.मी.ला ४ हजार. या हिशेबाने २ मि.मी.वर यायला आणखी ४ हजार कि.मी. मिळायला हवेत. तो खूशही झाला. मग उजवे चाक काढले. तेथे बाहेरचा पॅड ५ मि.मी. होता आणि आतला अवघा दीड. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या, त्यामुळे पिस्टनकडचा आतला पॅड एकटाच काम करत होता. उजव्या बाजूला सेन्सर नव्हताच. पुष्कळ गाड्यांत एका अॅक्सलवर एकच सेन्सर असतो, त्यामुळे दिवा एका पॅडची खबर देतो, बाकीच्या तीन पॅडची नाही.

शिवाय ४ हजारांचा हिशेब सपाट रस्त्याचा आणि घाटाचा मिळून आहे. नुसता घाट धरला तर पॅड कितीतरी लवकर जातो, कारण तापलेला थर जास्त झिजतो. पातळ पॅडचा दुसरा धोका ऑइलचा. थर पातळ झाला की डिस्कची उष्णता पिस्टनपर्यंत आणि तेथून ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतील ओलावा शोषून जुने झाले की हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल थेट खाली जाते. म्हणून दिवा घाटात लागला तर गाडी खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरवावी, आणि दुसऱ्या दिवशी पुढची दोन्ही चाके काढून चारही पॅड पाहावेत. बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदमच.

ऑइल भरणे चूक का, तेही सांगतो. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे ऑइल जाते आणि डबीतली पातळी उतरते. गळती नसेल तर ती उतरणे साहजिक आहे. वरून भरले की नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल डबीतून उतू जाते आणि बॉनेटखालचा रंग खाते.

टेम्पो-पिकअपवाल्यांनी या दिव्याची वाट पाहू नये. तशा बहुतेक गाड्यांत हा सेन्सर नसतो. काही पॅडना पोलादी पट्टी असते, ती डिस्कला लागून चीं चीं वाजते. मागच्या ड्रमच्या लायनरना तीही नसते, ड्रम उघडूनच पाहावे लागते.

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दिवा बंद करण्याची लबाडी सोपी आहे. दोन तारांच्या सेन्सरमध्ये दोन्ही तारा एकमेकींना जोडून दिल्या की फेरा पुरा होतो आणि दिवा विझतो. एका तारेच्या सेन्सरमध्ये तार कापली की झाले. पारखायचे तर चाकाजवळचा प्लग शोधावा. दोन तारांचा असेल तर स्विच ऑन ठेवून प्लग काढावा. दिवा लागायला हवा. एका तारेचा असेल तर प्लग काढून गाडीच्या बाजूची तार बॉडीच्या उघड्या लोखंडाला टेकवावी. तरीही दिवा लागायला हवा. लागला नाही, तर तार कोठेतरी जोडलेली, कापलेली किंवा तुटलेली आहे, किंवा दिवाच गेलेला आहे. अशा गाडीचा भाव ठरवण्याआधी चाके काढून घ्यावीत.