अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च: तफावत अहवालाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

तफावत अहवालात तीन आकडे शेजारीशेजारी असतात: महिन्यासाठी मंजूर केलेली रक्कम, त्या महिन्यात हिशेबात आलेली प्रत्यक्ष रक्कम आणि दोन्हींतला फरक. खर्च अंदाजापेक्षा जास्त किंवा उत्पन्न अंदाजापेक्षा कमी झाले, तर फरक प्रतिकूल मानतात. उलट झाले, तर तो अनुकूल. हे आकडे लेखाविभाग काढून देतो, पण त्यांचा अर्थ विभागप्रमुखाच्या कामात दडलेला असतो. म्हणून महत्त्वाच्या फरकापुढे एक-दोन साध्या वाक्यांचे स्पष्टीकरण लागते. हा अहवाल वाचताना आणि स्पष्टीकरण लिहिताना काही ठरावीक गैरसमज आड येतात.

ते समजून घेण्यासाठी एका दूध प्रक्रिया केंद्राचा जुलै महिना उदाहरण म्हणून घेता येईल. आकडे कल्पित असले, तरी त्यांतले प्रश्न दूधधंद्यात नेहमी पडणारे आहेत.

| विभाग आणि खर्च | अंदाज (रु.) | प्रत्यक्ष (रु.) | फरक (रु.) |
|---|---|---|---|
| संकलन: दूध खरेदी | ३,२०,००,००० | ३,४०,२०,००० | २०,२०,००० प्रतिकूल |
| प्रक्रिया: दूध भुकटी | ६,००,००० | ९,१०,००० | ३,१०,००० प्रतिकूल |
| वाहतूक: टँकर भाडे | १२,००,००० | १४,००,००० | २,००,००० प्रतिकूल |
| देखभाल: दुरुस्ती | ४,५०,००० | २,९०,००० | १,६०,००० अनुकूल |

पहिल्या नजरेला तीन विभागांनी जादा खर्च केला आणि देखभाल विभागाने बचत केली, असे दिसते. प्रत्यक्षात चारही ओळींचा अर्थ वेगळा आहे.

गैरसमज १: प्रतिकूल फरक म्हणजे विभागाने हात सैल सोडला.

वस्तुस्थिती: काम वाढले की खर्चही वाढतो. म्हणून वाढीव कामामुळे किती आणि दरामुळे किती, हे आधी वेगळे करावे लागते. संकलन विभागाच्या अंदाजपत्रकात १० लाख लिटर दूध लिटरला ३२ रुपयांनी धरले होते. जुलैत नवी संकलन केंद्रे जोडली गेल्याने १० लाख ८० हजार लिटर दूध आले आणि त्याला सरासरी ३१ रुपये ५० पैसे दर पडला.

आलेल्या दुधाला अंदाजातला ३२ रुपयांचा दर लावला, तर ३,४५,६०,००० रुपये होतात. प्रत्यक्ष प्रमाणानुसार अशा प्रकारे पुन्हा मांडलेल्या अंदाजाला लवचीक अंदाजपत्रक म्हणतात. मूळ अंदाज आणि लवचीक अंदाज यांतला २५,६०,००० रुपयांचा फरक केवळ जादा दुधाचा आहे. लवचीक अंदाजाशी तुलना केली, तर प्रत्यक्ष खर्च ५,४०,००० रुपयांनी कमी आहे, आणि हा फरक दराचा आहे. पहिल्यातून दुसरा वजा केला की अहवालातले २०,२०,००० रुपये मिळतात. म्हणजे या ओळीवरून उधळपट्टी ठरत नाही. जादा आलेले दूध खपले का, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर विक्रीच्या ओळीत शोधायचे असते.

मात्र हीच रीत सरसकट सगळ्या खर्चांना लावता येत नाही. पर्यवेक्षकांचे पगार, विमा, जागेचे भाडे हे खर्च दूध आठ टक्क्यांनी वाढले म्हणून आठ टक्क्यांनी वाढत नाहीत. स्थिर खर्चाची तुलना मूळ अंदाजाशीच करायची असते.

गैरसमज २: अनुकूल फरक म्हणजे बचत, त्याला स्पष्टीकरणाची गरज नाही.

वस्तुस्थिती: अनुकूल फरकाचीही तेवढीच चौकशी करावी लागते. संकलनातल्या ५० पैशांच्या घसरणीचे दोन भाग आहेत. जुलैपासून मूळ खरेदीदर २० पैशांनी उतरला, हा पहिला. गाईच्या दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांशाखेरीजचे घन घटक, यांवर ठरतो. अंदाजपत्रकात सरासरी एसएनएफ ८.४ धरला होता. नव्या केंद्रांवरचे दूध पातळ असल्याने तो ८.३ वर आला आणि दरपत्रकाप्रमाणे लिटरमागे ३० पैसे कापले गेले, हा दुसरा भाग. १० लाख ८० हजार लिटरवर ही कपात ३,२४,००० रुपये होते.

पण पातळ दूध तसेच पिशवीत भरता येत नाही. अन्नसुरक्षा नियमांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ असावे लागते. कमी पडलेला एसएनएफ प्रक्रिया विभागाने दूध भुकटी घालून भरून काढला. भुकटीच्या ३,१०,००० रुपयांच्या जादा खर्चापैकी ४८,००० रुपये आठ टक्के वाढीव उत्पादनाचे आहेत. उरलेले २,६२,००० रुपये या पातळ दुधाचे. संकलनाच्या ओळीत ‘वाचलेले’ ३,२४,००० रुपये प्रक्रियेच्या ओळीत बहुतांशी खर्च झाले, आणि संस्थेच्या हाती जेमतेम ६२,००० रुपये राहिले.

दोन्ही विभागप्रमुखांनी आपापल्या ओळीपुरते लिहिले असते, तर संकलनाला शाबासकी आणि प्रक्रियेला जाब, असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. एका विभागाचा अनुकूल फरक आणि पुढच्या टप्प्यातल्या विभागाचा प्रतिकूल फरक एकाच महिन्यात दिसले, तर दोघांनी मिळून स्पष्टीकरण लिहिणे श्रेयस्कर ठरते.

देखभाल विभागाचा अनुकूल फरक आणखी वेगळ्या प्रकारचा आहे. बॉयलरच्या वार्षिक तपासणीआधीची १,८०,००० रुपयांची दुरुस्ती जुलैत धरली होती, ती ऑगस्टवर गेली. हे काम बाजूला ठेवले, तर अंदाज २,७०,००० रुपयांचा उरतो आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून २०,००० रुपयांनी जास्त आहे. पुढे ढकललेला खर्च वाचलेला नसतो. तो पुढच्या महिन्यात प्रतिकूल होऊन समोर येतो. असे कालावधीचे फरक ओळखण्यासाठी महिन्याच्या आकड्याजवळ एप्रिलपासूनची एकूण बेरीजही दाखवतात.

गैरसमज ३: ‘प्रत्यक्ष’ रकाना म्हणजे त्या महिन्यात खरोखर झालेला खर्च.

वस्तुस्थिती: या रकान्यात त्या महिन्याच्या हिशेबात नोंदले गेलेले आकडे असतात. बिल उशिरा आले आणि महिनाअखेरीला त्याची तरतूद केली नाही, तर जूनचे काम जुलैच्या खर्चात दिसते. वाहतूक विभागाबाबत तेच घडले. टँकरच्या १४ लाखांच्या भाड्यात जूनचे १,३०,००० रुपयांचे बिल मिसळले होते. ते वगळले की जुलैचा खरा खर्च १२,७०,००० रुपये निघतो. वाढलेल्या दुधाच्या प्रमाणात भाडे १२,९६,००० रुपये झाले असते. जुन्याच फेऱ्यांमध्ये टँकर अधिक भरून आल्याने ते २६,००० रुपयांनी कमी राहिले. अहवालात दोन लाखांचा प्रतिकूल फरक दाखवणाऱ्या विभागाने वास्तविक बरे काम केले होते.

याची खूण ओळखणे सोपे असते. एका महिन्यात खर्च अस्वाभाविक कमी आणि लगेच पुढच्या महिन्यात तेवढाच जास्त दिसला, तर नोंदीचा महिना तपासावा. चुकीच्या खात्यात पडलेली नोंदही अशीच सापडते: एका ओळीत जेवढी रक्कम जादा, साधारण तेवढीच दुसऱ्या ओळीत कमी असते. अशा फरकांना कामकाजाचे कारण जोडू नये. लेखाविभागाकडून नोंद दुरुस्त करून घ्यावी आणि जूनची तरतूद का राहिली, हे पाहावे.

गैरसमज ४: प्रत्येक फरकाचे स्पष्टीकरण दिले की अहवाल पूर्ण होतो.

वस्तुस्थिती: सगळ्याच ओळींवर लिहायला लावले की महत्त्वाच्या ओळी हरवतात. म्हणून मर्यादा आधीच ठरवतात, आणि ती टक्के व रुपये अशा दोन्हींत असते. उदाहरणार्थ, फरक पाच टक्क्यांहून अधिक आणि ५०,००० रुपयांहूनही अधिक असेल, तरच स्पष्टीकरण द्यायचे. फक्त टक्के पाहिले, तर २,००० रुपयांच्या लेखनसामग्रीवरचे ८०० रुपये ४० टक्के म्हणून डोळ्यांत भरतात. दूध खरेदीसारख्या प्रचंड ओळीसाठी मात्र निव्वळ रुपयांची वेगळी, कडक मर्यादा ठेवतात. तिथे दोन टक्केसुद्धा सहा लाखांच्या वर जातात.

मर्यादेच्या आत असलेला आकडा नेहमीच निर्धोक असतो, असेही नाही. देखभालीच्या ओळीत बॉयलरची दुरुस्ती टळली आणि तेवढ्याच रकमेचा शीतकरण यंत्राचा बिघाड निघाला असता, तर फरक जवळजवळ शून्य दिसला असता. एकमेकांना झाकणारे असे मोठे फरक विभागप्रमुखालाच ठाऊक असतात. फरक शून्य असला, तरी त्याने ते नोंदवणे अपेक्षित असते.

गैरसमज ५: आपल्या रकान्यातल्या प्रत्येक रुपयाचा जाब विभागप्रमुखाने द्यायचा.

वस्तुस्थिती: जो खर्च वाढवणे-घटवणे त्याच्या हातात आहे, त्याचाच जाब विचारणे रास्त असते. यंत्रांचा घसारा किंवा मुख्य कार्यालयाचा वाटून दिलेला खर्च विभागाच्या नावावर पडतो, पण तो ठरतो दुसरीकडे. चांगल्या अहवालात अशा ओळी वेगळ्या गटात असतात आणि त्यांचे स्पष्टीकरण लेखाविभाग देतो. दराच्या फरकातही हाच विवेक लागतो. मूळ खरेदीदर बाजाराने उतरवला, त्याचे श्रेय संकलन प्रमुखाचे नाही. नव्या केंद्रांवरच्या दुधाची प्रत मात्र त्याच्या अखत्यारीत येते.

गैरसमज ६: परिस्थिती बदलली की अंदाजपत्रकच बदलावे.

वस्तुस्थिती: मूळ आकडा बदलला, तर फरक नाहीसा होतो आणि त्यासोबत त्यातून मिळणारी माहितीही. म्हणून मंजूर अंदाज तसाच ठेवून शेजारी वर्षअखेरीचा सुधारित अंदाज मांडतात. केंद्र आणि राज्य सरकारांच्या अर्थसंकल्पातही मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा वेगवेगळ्या रकान्यांत असतात. लवचीक अंदाजपत्रकही मूळ अंदाजाची जागा घेत नाही, त्याच्या जोडीला असते.

गैरसमज ७: ‘खर्च वाढल्यामुळे फरक आला’ हे स्पष्टीकरण झाले.

वस्तुस्थिती: ते आकड्याचेच शब्दांतले रूप आहे. उपयोगी स्पष्टीकरणात चार गोष्टी असतात: कोणत्या कारणाने किती रुपये, कारण एकदाचे की चालू राहणारे, त्यावर काय केले जाणार, आणि वर्षअखेरीच्या आकड्यावर परिणाम होणार का. कारणांच्या रकमांची बेरीज एकूण फरकाशी जुळली पाहिजे. ती जुळत नसेल, तर एखादे कारण सुटले आहे. वरच्या चार ओळींची स्पष्टीकरणे अशी लिहिता येतील.

*संकलन:* नव्या केंद्रांमुळे ८०,००० लिटर जादा दूध आले, खर्च २५.६० लाखांनी वाढला. दर उतरल्याने ५.४० लाख कमी लागले, त्यांतले ३.२४ लाख कमी एसएनएफच्या कपातीचे आहेत. दुधाची वाढ कायम राहील. नव्या केंद्रांवर ऑगस्टपासून रोज नमुना तपासणी होईल.

*प्रक्रिया:* भुकटीचे ०.४८ लाख वाढीव उत्पादनामुळे, २.६२ लाख कमी एसएनएफ भरून काढण्यासाठी. दुधाची प्रत सुधारेपर्यंत हा जादा खर्च चालू राहील.

*वाहतूक:* १.३० लाख जूनच्या बिलाचे, ०.९६ लाख वाढीव दुधाचे, भरलेल्या फेऱ्यांमुळे ०.२६ लाख कमी. जूनचे बिल वर्षाच्या अंदाजात आधीच धरलेले असल्याने त्याचा वर्षअखेरीवर परिणाम नाही.

*देखभाल:* बॉयलरची १.८० लाखांची दुरुस्ती ऑगस्टमध्ये होईल, ही बचत नाही. इतर दुरुस्तीवर ०.२० लाख जादा लागले. वर्षअखेरीला एवढाच फरक राहील.