‘नैसर्गिक’ वाइन आणि उंदराचा वास

भिवंडी म्हटले की वाचकांना यंत्रमागांचा खडखडाट आठवेल. हल्ली त्याच्या जोडीला मैलोगणती गोदामे उभी राहिली आहेत. माझी बरीच वर्षे नाशिककडे वाइनच्या धंद्यात गेली, म्हणून अशाच एका गोदामवाल्या मित्राने परदेशी ‘नॅचरल’ वाइनची बाटली पुढे ठेवून विचारले, “काय हो, ही नैसर्गिक, मग बाकीच्या काय बनावट?”

म्हटले, ताडी आठवा. पहाटे उतरवलेला गोड रस कोणी काही न घालता आपोआप फसफसतो, आणि फार वेळ राहिला की आंबट होतो. नैसर्गिक वाइनचे सूत्र तेच. द्राक्षे रासायनिक फवारणीवाचून पिकवायची, विकतचे यीस्ट न घालता सालीवरच्या व तळघरातल्या यीस्टवर रस आंबू द्यायचा आणि बाहेरचे काही मिसळायचे नाही. वाइन टिकावी म्हणून एरवी घालतात तो गंधकाचा वायूही जवळजवळ नाही.

मात्र या शब्दाला बहुतेक देशांत कायद्याची व्याख्या नाही. फ्रान्समध्ये २०२० साली ‘वँ मेतोद नात्यूर’ हे ऐच्छिक चिन्ह आले. त्यात गंधक लिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतो. युरोपात साध्या तांबड्या वाइनला १५० पर्यंत मुभा आहे. पण हे चिन्हदेखील काय घातले नाही एवढेच सांगते. चव, टिकाऊपणा किंवा ‘डोके दुखणार नाही’ यांची हमी त्यात नाही. दारू ती दारूच!

आमची बाटली गढूळ होती. तो दोष नव्हे. गाळलेली नसली की वाइन गढूळ दिसते. शिरक्याचा किंवा नखरंग पुसण्याच्या द्रवाचा उग्र वास आला असता, तर जिवाणूंनी आम्ल वाढवले असे म्हटले असते. तसेही नव्हते. पहिला घोट छान लागला, आणि दहा-पंधरा सेकंदांनी घशामागून उंदराच्या पिंजऱ्याचा वास उसळला!

हा दोष मोठा लबाड. वाइनच्या आंबटपणात ते द्रव्य उडत नाही, म्हणून पेला हुंगून कळत नाही. तोंडातल्या लाळेने आंबटपणा उतरला की ते मोकळे होते. माझ्या मित्राला काहीच जाणवले नाही. कित्येकांना जाणवत नाही. मग मी चमचाभर वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला आणि हुंगायला दिली. त्याने नाकच मुरडले.

गंमत अशी, की या वासामागच्या द्रव्यांपैकी एक तेच आहे, जे आंबेमोहोर तांदळाला सुगंध देते. वाइनमध्ये ती द्रव्ये काही जिवाणू व एक रानटी यीस्ट तयार करतात. गंधक कमी आणि हवा लागलेली असली की त्यांचे फावते. अपाय नाही, पण घरी उपायही नाही. कुजक्या अंड्याचा वास पेला हलवून पुष्कळदा जातो, हा जात नाही.

मित्राने पत्र्याखालच्या उकाड्याला दोष दिला. उकाड्याने अशी वाइन लवकर बिघडते हे खरे, आणि तिला पंधरा अंशांच्या आसपासच ठेवावे. पण उंदीर बहुधा तळघरातच शिरलेला असतो. तेव्हा पेटी घेण्याआधी एक बाटली फोडा, घोट गिळा आणि पंधरा आकडे मोजा.