प्रेफरन्स शेअर: रांगेत कोणाच्या पुढे, कोणाच्या मागे

पश्चिम बंगालमध्ये पानागढला मॅटिक्स फर्टिलायझर्स या कंपनीचा खतकारखाना आहे. त्याच्या उभारणीचं काम ईपीसी कन्स्ट्रक्शन्स या कंपनीकडे होतं आणि कामाच्या बिलांपोटी मॅटिक्सकडे तिची मोठी रक्कम थकली होती. २०१५ मध्ये त्यावर तोडगा निघाला. मॅटिक्सला बँकांसमोर कर्जाच्या मानानं भांडवल पुरेसं दाखवायचं होतं. म्हणून थकबाकीच्या काही भागाच्या बदल्यात तिनं ईपीसीला २५० कोटी रुपयांचे प्रेफरन्स शेअर दिले. वर्षाला ८ टक्के लाभांश आणि तीन वर्षांनी मुद्दल परत, अशा अटी होत्या. तीन वर्षं उलटली, पण पैसे आले नाहीत. तोवर ईपीसी स्वतःच दिवाळखोरीत गेली होती. तिच्या अवसायकानं मॅटिक्सविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज केला. मुदत संपली, रक्कम ठरलेली आहे, तेव्हा हे कर्जच झालं, असं त्याचं म्हणणं होतं. कंपनी न्यायाधिकरणानं ते फेटाळलं, अपिलातही ते टिकलं नाही आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निर्णय कायम ठेवला. प्रेफरन्स शेअर घेणारा हा भागधारक आहे, कर्ज देणारा नाही, त्यामुळे त्याला सावकार म्हणून कंपनीला दिवाळखोरीत ओढता येणार नाही.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. ठरलेला दर आणि ठरलेली मुदत पाहून अनेक जण हे शेअर मुदत ठेवीसारखेच धरतात. बिलाच्या पैशांवर हक्क सांगणारी ईपीसी ज्या दिवशी शेअर घेऊन बसली, त्या दिवशी ती देणेकऱ्यांची रांग सोडून मालकांच्या रांगेत आली. त्या रांगेत तिला पहिला नंबर मिळाला हे खरं, पण मालकांची रांग सुरू होते ती देणेकऱ्यांची संपल्यावरच.

भारतीय कंपनी कायदा भागभांडवलाचे दोनच प्रकार मानतो, इक्विटी आणि प्रेफरन्स. प्रेफरन्स शेअरला दोन बाबतींत अग्रक्रम असतो. लाभांश वाटताना ठरलेल्या दरानं आधी त्याला द्यायचं आणि कंपनी गुंडाळताना भांडवलही आधी त्याचं परत करायचं. हा अग्रक्रम इक्विटी भागधारकांपुरता आहे. बँक, कामगार, माल पुरवणारा व्यापारी, सरकार यांच्यापैकी कोणाच्याही पुढे तो नेत नाही.

आधी लाभांशाचं पाहू. समजा, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे. तिचं इक्विटी भांडवल ५ कोटी, म्हणजे १० रुपयांचे ५० लाख शेअर. प्रेफरन्स भांडवल २ कोटी, दर ९ टक्के. म्हणजे प्रेफरन्सवाल्यांचा वर्षाचा लाभांश १८ लाख रुपये. पहिल्या वर्षी ६० लाख नफा झाला. १८ लाख प्रेफरन्सवाल्यांना गेले. उरलेल्या ४२ लाखांतून इक्विटीला किती द्यायचं आणि धंद्यासाठी किती ठेवायचं, हे संचालक मंडळानं ठरवलं. इथवर सगळं सरळ आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी मंदी आली. खर्च जेमतेम भरून निघाला, नफा शून्य. कर्जाचं व्याज असतं तर ते नफा असो वा नसो, भरावंच लागलं असतं. लाभांशाचं तसं नाही. तो नफ्यातून द्यायचा असतो आणि जाहीर झाल्याशिवाय देणं म्हणून उभाच राहत नाही. ९ टक्के हा आकडा शेअरवर छापलेला असला, तरी त्या दोन वर्षांत प्रेफरन्सवाल्यांच्या हाती काही पडलं नाही आणि त्यासाठी त्यांना दावाही लावता येत नाही. एकदा लाभांश जाहीर झाला की मात्र चित्र बदलतं. तो ३० दिवसांत द्यावाच लागतो. न दिल्यास १८ टक्के दरानं व्याज लागतं आणि जबाबदार संचालकांना तुरुंगवासही होऊ शकतो.

चौथ्या वर्षी ५० लाख नफा झाला. आता हे शेअर संचयी होते की असंचयी, यावर सगळं ठरतं. संचयी असतील, तर बुडालेल्या दोन वर्षांचे ३६ लाख मागे उभे आहेत. त्यात चालू वर्षाचे १८ मिळवले की ५४ लाख होतात. ते पूर्ण फिटेपर्यंत इक्विटीला एक पैसाही देता येत नाही. म्हणजे ५० लाखांचा सगळा नफा वाटला, तरी तो प्रेफरन्सवाल्यांकडेच जाईल आणि त्यांचे ४ लाख तरीही बाकी राहतील. शेअर असंचयी असतील, तर गेलेली दोन वर्षं गेली ती गेलीच. १८ लाख दिले की उरलेले ३२ लाख इक्विटीला मोकळे. एका शब्दाच्या अटीनं एकाच वर्षी ३२ लाखांचा फरक पडला. माहितीपत्रकात दराचा आकडा ठळक छापलेला असतो आणि ही अट आत कुठल्याशा परिच्छेदात असते. माझ्या मते वाचायला आधी ती घ्यावी.

पाचव्या वर्षी मोठी निर्यात ऑर्डर आली आणि ३ कोटी नफा झाला. प्रेफरन्सवाल्यांना मागचे ४ आणि यंदाचे १८ मिळून २२ लाख मिळाले. उरलेले २ कोटी ७८ लाख इक्विटीचे. त्यातले वाटले तर हातात येतात, कंपनीत ठेवले तर शेअरचं मोल वाढवतात. प्रेफरन्सवाल्याला नफा सहापट झाला म्हणून जादा काही मिळत नाही. जादा नफ्यात वाटा देणारे प्रेफरन्स शेअरही काढता येतात, पण तसं अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

मधल्या कोरड्या काळासाठी कायद्यानं प्रेफरन्सवाल्यांच्या हाती एक गोष्ट दिली आहे. एरवी त्यांना सभेत मत असतं ते त्यांच्या हक्कांना थेट धक्का लावणाऱ्या ठरावांवर आणि कंपनी गुंडाळण्याच्या किंवा भांडवल घटवण्याच्या ठरावांवर. पण दोन वर्षं लाभांश दिला गेला नाही, तर त्यांना कंपनीच्या प्रत्येक ठरावावर मत मिळतं. मतांचं वजन भरलेल्या भांडवलाच्या प्रमाणात धरतात. आपल्या उदाहरणात ५ कोटींसमोर २ कोटी, म्हणजे दर सात मतांपैकी दोन त्यांची. प्रवर्तकांचा हिस्सा निम्म्याच्या आसपास असेल, तर संचालकांच्या नेमणुकीत ही दोन मतं पारडं फिरवू शकतात.

आता कंपनी बुडाली असं धरू. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये पैसे कोणत्या क्रमानं द्यायचे हे लिहिलं आहे. प्रक्रियेचा आणि विक्रीचा खर्च सर्वांत आधी निघतो. मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण सोडून सामाईक वाटपात आलेल्या बँका, हे दोघे एकाच पायरीवर. त्यांच्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी आणि राहिलेले सगळे देणेकरी. या सगळ्यांच्या खाली प्रेफरन्स भागधारक आणि अगदी तळाशी इक्विटी भागधारक. वरच्या पायरीचं पूर्ण फिटल्याशिवाय खालच्या पायरीला काही मिळत नाही.

आपल्या कंपनीची जमीन, यंत्रं आणि माल विकून १२ कोटी आले. खर्च, कामगार आणि बँक यांत ८ कोटी ५० लाख गेले. बाकीच्या देण्यांत २ कोटी ३० लाख गेले. उरले १ कोटी २० लाख. प्रेफरन्सवाल्यांचं भांडवल २ कोटी, म्हणजे त्यांना रुपयामागे ६० पैसे मिळाले आणि इक्विटीला शून्य. हा हिशेब मी थोडा उदार मांडला आहे. बुडालेल्या कंपनीत बहुतेक वेळा बँकेचंच पूर्ण फिटत नाही आणि मग प्रेफरन्स व इक्विटी दोघेही रिकाम्या हातानं परततात. त्या वेळी अग्रक्रमाचा उपयोग नसतो, कारण अग्रक्रम लावायला मागे काही उरलेलंच नसतं.

उलट प्रकारही होतो. धंद्यात रस राहिला नाही, देणी थोडी आहेत, पण कारखान्याची जमीन शहरात आल्यानं तिला मोठी किंमत मिळते आणि मालक कंपनी स्वेच्छेनं बंद करतात. सगळी देणी देऊन ९ कोटी ५० लाख उरले आणि लाभांशाची थकबाकी नाही, असं धरू. प्रेफरन्सवाल्यांना त्यांचे २ कोटी मिळतात. उरलेले ७ कोटी ५० लाख इक्विटीवाल्यांचे, म्हणजे १० रुपयांच्या शेअरला १५ रुपये. तळाशी उभं राहण्याची जोखीम ज्यानं घेतली, त्यालाच शिल्लक सगळी मिळते. लाभांशाची थकबाकी असती, तर मात्र वाद होऊ शकतो. गुंडाळताना भांडवल आधी परत करायचं हे कायद्यानं ठरलेलं आहे. मागचा राहिलेला लाभांशही त्यासोबत द्यायचा की नाही, हे कंपनीच्या नियमावलीत आणि शेअरच्या अटींत काय लिहिलं आहे यावर ठरतं. संचयी शेअर घेणाऱ्यानं हे वाक्य तिथं आहे का, ते शोधलंच पाहिजे.

राहिला प्रश्न मुदतीचा, जिथं ईपीसी अडकली. भारतात कधीच परत न करायचे प्रेफरन्स शेअर काढता येत नाहीत. २० वर्षांच्या आत ते फेडावे लागतात. पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना यापेक्षा जास्त मुदत मिळू शकते. पण फेडायला पैसा कुठून आणायचा, यावर कायद्याचं बंधन आहे. तो लाभांशाला उपलब्ध असलेल्या नफ्यातून किंवा नव्यानं काढलेल्या शेअरच्या रकमेतूनच यावा लागतो. यंत्र विकून किंवा कर्ज काढून प्रेफरन्सवाल्यांना वाटेला लावता येत नाही, कारण तसं झालं तर देणेकऱ्यांचा आधार असलेलं भांडवल मागच्या दारानं निघून जाईल. मॅटिक्सकडे असा नफाही नव्हता आणि नवे शेअरही काढलेले नव्हते. मग रक्कम कायद्याच्या अर्थानं देय झालीच नाही, असं न्यायालयानं धरलं. ताळेबंदात असे शेअर हिशेबाच्या नियमांमुळे कित्येकदा कर्जाच्या रकान्यात दिसतात. पण रकाना कुठलाही असला, तरी त्यानं शेअरचं कर्ज होत नाही.

म्हणून कंपनी घसरणीला लागली आहे का, हे मुदतीच्या तारखेआधीच तपासता येतं. वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये संचयी प्रेफरन्स लाभांशाची थकबाकी वेगळी दाखवावी लागते. ती वर्षागणिक वाढत असेल आणि राखीव निधीत वाटण्याजोगा नफा नसेल, तर मुदतीला पैसे येणार नाहीत हे तेव्हाच कळतं. अशी कंपनी मग एक प्रस्ताव घेऊन येते: जुन्या शेअरच्या आणि थकलेल्या लाभांशाच्या बदल्यात नवे प्रेफरन्स शेअर घ्या. त्याला मूल्यानं तीन चतुर्थांश प्रेफरन्सवाल्यांची संमती आणि न्यायाधिकरणाची मंजुरी लागते. मंजुरी देताना, ज्यांनी संमती दिली नाही त्यांचे शेअर ताबडतोब फेडण्याचा आदेशही न्यायाधिकरणाला द्यावा लागतो. संमतीचा कागद घरी येतो तेव्हा ही तरतूद त्यावर ठळक लिहिलेली असेलच असं नाही, म्हणून सही करण्याआधी कलम ५५ एकदा वाचून घ्यावं.