विमान पाडलं तर हजारो वाचतील, तरीही जर्मनीचं कोर्ट 'नाही' का म्हणालं?

समजा, अतिरेक्यांनी एक प्रवासी विमान ताब्यात घेतलंय आणि ते खचाखच भरलेल्या स्टेडियमच्या दिशेने निघालंय. हवाई दलाचं लढाऊ विमान त्याच्या मागावर आहे. क्षेपणास्त्र डागलं तर विमानातले प्रवासी मरतील, पण स्टेडियममधले हजारो लोक वाचतील. काय करायचं?

बहुतेकांचं पहिलं उत्तर असतं, 'पाडा'. आकडेच तसे आहेत. पण 15 फेब्रुवारी 2006 रोजी जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की, सरकारला असं करता येणार नाही. काही कृत्यं परिणाम कितीही चांगला असला तरी चुकीचीच असतात, हा विचार इतक्या स्पष्टपणे निकालपत्रात क्वचितच उतरला असेल.

कायदा काय होता?

अमेरिकेतला 11 सप्टेंबर 2001 चा हल्ला सगळ्यांच्या मनात ताजा होता. त्यातच जानेवारी 2003 मध्ये एका माणसाने छोटं विमान पळवलं आणि तो फ्रँकफर्ट शहरावर घिरट्या घालू लागला. युरोपियन सेंट्रल बँकेच्या इमारतीवर विमान आदळवण्याची धमकी त्याने दिली. शेवटी तो सुखरूप उतरला, पण सरकार हादरलं.

यातून हवाई सुरक्षेचा नवा कायदा आला आणि जानेवारी 2005 मध्ये लागू झाला. एखादं विमान माणसं मारण्यासाठी वापरलं जाणार असेल आणि दुसरा कुठलाही उपाय उरला नसेल, तर ते पाडण्याचा आदेश संरक्षणमंत्री देऊ शकतील, असं त्यातलं एक कलम होतं. भारतानेही 2005 मध्येच विमान अपहरणाबाबतच्या धोरणात अशा टोकाच्या प्रसंगी विमान पाडण्याची मुभा ठेवली होती.

जर्मनीत मात्र या कलमाला कोर्टात आव्हान मिळालं. आव्हान देणाऱ्यांमध्ये माजी गृहमंत्री गेरहार्ट बाऊम यांचाही समावेश होता.

'ते तसेही मरणारच होते ना?'

कायद्याच्या बाजूने हा सगळ्यात जोरकस मुद्दा होता. प्रवाशांचं मरण अटळच आहे, मग काही मिनिटं आधी ते मेले तर काय बिघडलं?

कोर्टाने हे मानलं नाही. आयुष्य किती मिनिटं उरलंय यावर माणसाची किंमत ठरत नाही, असं कोर्ट म्हणालं. शिवाय 'अटळ' हे ठरवणार कोण? विमानात नेमकं काय चाललंय, हे जमिनीवरच्या अधिकाऱ्यांना खात्रीने कळत नाही. प्रवासी अपहरणकर्त्यांवर झडप घालू शकतात. निर्णयासाठी मिळतात ती मोजकी मिनिटं, आणि त्यात चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही.

दुसरा युक्तिवाद असा की, विमानात चढणारा माणूस हा धोका पत्करूनच चढतो, म्हणजे त्याची संमती गृहीत धरता येते. वास्तवाशी संबंध नसलेली कल्पना, असं म्हणत कोर्टाने तोही बाजूला सारला.

तिसरा युक्तिवाद, प्रवासी आता शस्त्राचाच भाग झालेत. कोर्टाच्या मते खरी अडचण इथेच होती. ज्यांच्या हातात काहीही नाही, ज्यांनी काहीही केलेलं नाही, अशा माणसांकडे हा युक्तिवाद वस्तू म्हणून बघतो. अतिरेकी त्यांना वापरतातच, आणि मग ज्याने त्यांचं रक्षण करायचं, ते सरकारही त्यांना मारून इतरांच्या बचावासाठी वापरतं.

हा विचार येतो कुठून?

18 व्या शतकातले जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या मांडणीत याचं मूळ सापडतं. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं त्यांनी 1785 मध्ये मांडलं. यातला 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा. रिक्षावाल्याला आपण स्टेशनला पोहोचण्यासाठी वापरतोच. पण तो स्वतःच्या मर्जीने येतो, भाडं घेतो, 'नाही' म्हणू शकतो. विमानातल्या प्रवाशांना 'नाही' म्हणायची संधीच नाही.

कृत्य योग्य की अयोग्य हे फक्त निकालावरून ठरवणाऱ्या विचाराला परिणामवाद म्हणतात. कर्तव्यवाद म्हणतो की, परिणाम महत्त्वाचे असतात, पण त्यांच्या आधी काही मर्यादा येतात. निरपराध माणसाला जाणूनबुजून मारू नये, ही त्यातली एक. जर्मनीच्या 1949 च्या राज्यघटनेचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठा अबाधित असल्याचं सांगतं. नाझी राजवटीनंतर ते तिथे मुद्दाम आलं.

मग स्टेडियममधल्या लोकांचं काय?

त्यांना वाचवणं हेही सरकारचं कर्तव्यच आहे आणि कोर्टाने ते मान्य केलं. पण दोन्ही कर्तव्यं सारखी नाहीत. वाचवण्याचे मार्ग अनेक असतात, त्यातला कुठला निवडायचा हे सरकार ठरवू शकतं. स्टेडियम रिकामं करता येतं, विमानाला वळवण्याचा प्रयत्न करता येतो. 'निरपराधाला मारू नका' या कर्तव्यात मात्र अशी निवड नाही. म्हणून वाचवायचं ते योग्य मार्गांनीच, असं कोर्टाचं म्हणणं.

विमानात फक्त अतिरेकीच असतील तर? तेव्हा मानवी प्रतिष्ठेची आडकाठी नाही, असं याच निकालात आहे. त्यांनी धोका स्वतः निर्माण केलेला असतो आणि तो थांबवणंही त्यांच्याच हातात असतं. म्हणजे जीव घेणं कधीच चालत नाही, असं कोर्ट म्हणत नव्हतं. कोणाचा आणि कशासाठी, हा प्रश्न होता.

लोकांना हे पटलं का?

फारसं नाही. 2007 मध्ये जर्मनीचे तेव्हाचे संरक्षणमंत्री फ्रान्झ योसेफ युंग यांनी, वेळ आलीच तर आपण विमान पाडण्याचा आदेश देऊ, असं उघड सांगितलं आणि मोठा वाद झाला.

लेखक फर्डिनांड फॉन शिराख यांचं 2015 चं 'टेरर' हे नाटक याच प्रश्नावर आहे. त्यात हवाई दलाचा एक पायलट आदेश मोडून 164 प्रवाशांचं विमान पाडतो आणि स्टेडियममधले 70 हजार लोक वाचवतो. दोषी की निर्दोष, याचा निकाल प्रेक्षक मत देऊन ठरवतात. 2016 मध्ये त्यावरची फिल्म टीव्हीवर दाखवली, तेव्हा जर्मनीत मत देणाऱ्यांपैकी सुमारे 87 टक्के लोकांनी त्याला निर्दोष ठरवलं.

कर्तव्यवादाची खरी कसोटी इथे लागते. 164 विरुद्ध 70 हजार असताना नियम पाळायचा, मग 164 विरुद्ध 70 लाख असतील तेव्हाही? काही कर्तव्यवादी म्हणतात की, एका टप्प्यानंतर नियम मागे पडतो. पण तो टप्पा कोणता, हे सांगणं अवघड जातं. आणि आकडा ठरवला की, माणसांची बेरीज-वजाबाकी सुरू झालीच.

कोर्टाने एक प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला. कायदा नसताना एखाद्याने विमान पाडलंच, तर त्याला खुनी ठरवायचं का, यावर निकाल दिला नाही. एखाद्या माणसाला त्या क्षणी माफ करणं वेगळं, आणि निरपराधांना मारण्याचा अधिकार सरकारला आधीच लिहून देणं वेगळं. निकालाने नाकारला तो हा दुसरा अधिकार.